खोली काढल्यावर खताच्या वाट्याला किती उरतं?

प्रश्न: मी सोलापूरला एम.एस्सी. (कृषी) करते. मंगळवेढा आणि मोहोळ तालुक्यातल्या ४० शेतांवरून रब्बी ज्वारीची माहिती घेतली: दिलेलं नत्र (किलो/हेक्टर), धान्य उत्पादन (क्विंटल/हेक्टर) आणि जमिनीची खोली (सेंमी). खत–उत्पादन सहसंबंध ०.६२, खत–खोली ०.६८, खोली–उत्पादन ०.७४. चार शेतांत खोली मोजायची राहिली, म्हणून खोलीच्या दोन्ही सहसंबंधांत ३६ शेतं आहेत. परीक्षक म्हणाले, खोली वगळून आंशिक सहसंबंध काढा. मी सूत्रावरून काढला तर ०.४८ आला आणि तो सार्थक आहे. वर्गातली मैत्रीण म्हणते ०.२४. मूळ शीट सध्या हाताशी नाही, हे तीन आकडेच आहेत. बरोबर कोण? आणि झाडाची उंचीही वगळू का?

उत्तर:

मैत्रीण बरोबर आहे. तुमच्या हिशोबात छेदावरचं वर्गमूळ राहून गेलंय. चूक एवढीशी असली तरी तिने निष्कर्षच उलटा केलाय, म्हणून आधी तीच पाहू.

खताला १, उत्पादनाला २ आणि खोलीला ३ असे क्रमांक देऊ. टिंबानंतर येतो तो वगळलेला चल. ही लिहिण्याची पद्धत संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी १९०७ साली रूढ केली.

```
r12.3 = (r12 - r13*r23) / sqrt((1 - r13^2) * (1 - r23^2))
```

अंशात येतं ०.६२ − (०.६८ × ०.७४) = ०.६२ − ०.५०३२ = ०.११६८. छेदासाठी ०.६८ चा वर्ग ०.४६२४, एकातून वजा केला की ०.५३७६, ०.७४ चा वर्ग ०.५४७६, एकातून वजा केला की ०.४५२४. दोघांचा गुणाकार ०.२४३२. तुम्ही इथेच थांबलात आणि ०.११६८ ला ०.२४३२ ने भागलंत, म्हणून ०.४८ आला. त्याचं वर्गमूळ ०.४९३२ आहे आणि त्याने भागलं की ०.२३७ येतो.

वर्गमूळ का हवं, हे सूत्र पाठ करून कळत नाही, आणि कळलं नाही की पुढच्या वेळीही ते सुटतं. तिन्ही चल प्रमाणित करून घेतले आहेत असं समजा, म्हणजे प्रत्येकाची सरासरी ० आणि प्रमाण विचलन १. खोलीवरून खताचा अंदाज बांधायचा तर तो खोलीच्या ०.६८ पट येतो. प्रत्यक्ष खतातून हा अंदाज वजा केला की जे उरतं ते खताचं अवशिष्ट, म्हणजे त्या खोलीच्या रानाला साधारण जेवढं खत पडतं त्यापेक्षा या शेतकऱ्याने किती जास्त किंवा कमी टाकलं. उत्पादनाचंही तसंच: त्या खोलीला जेवढी ज्वारी अपेक्षित, त्याहून किती जास्त किंवा कमी आली. आंशिक सहसंबंध म्हणजे या दोन अवशिष्टांमधला साधा सहसंबंध, त्यापलीकडे त्यात काही नाही.

आता सूत्राचे तुकडे आपोआप ओळखू येतात. दोन अवशिष्टांचं सहप्रचरण काढलं की r12 − r13·r23 येतं, तो अंश. खताच्या अवशिष्टाचं प्रचरण १ − r13², उत्पादनाच्या अवशिष्टाचं १ − r23². सहसंबंध काढताना सहप्रचरणाला आपण प्रमाण विचलनांनी भागतो, प्रचरणांनी नाही, आणि प्रमाण विचलन म्हणजे प्रचरणाचं वर्गमूळ. तुम्ही प्रचरणांनी भागलंत.

हाच अंश, ०.११६८, आणखी दोन ठिकाणी भेटतो आणि तिथेही गल्लत होते. त्याला फक्त ०.५३७६ ने भागलं तर ०.२१७ येतो, तो खत आणि खोली दोन्ही घेऊन केलेल्या रिग्रेशनमधला खताचा प्रमाणित गुणांक. फक्त ०.५३७६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ०.७३३२ ने भागलं तर ०.१५९ येतो, तो अर्ध-आंशिक सहसंबंध, ज्यात खोली खतातून काढलेली असते पण उत्पादनात तशीच ठेवलेली असते. ०.२३७, ०.२१७ आणि ०.१५९ हे तिन्ही आकडे आपापल्या जागी योग्य आहेत. उद्या कुणी तुम्हाला ०.१६ काढून दाखवला तर त्याचा हिशोब चुकलाय असं धरू नका. त्याने कोणती राशी काढली, ते आधी विचारा.

एक्सेलमध्ये B1 मध्ये r12, B2 मध्ये r13 आणि B3 मध्ये r23 टाकून हे चालेल:

```
=(B1-B2*B3)/SQRT((1-B2^2)*(1-B3^2))
```

`SQRT` चा कंस दोन्ही गुणकांना वेढतो का, तेवढं पाहा. तो पहिल्या गुणकापाशीच बंद झाला तर एक्सेल काही तक्रार करत नाही. तुमच्या आकड्यांवर त्यातून ०.०७२ असं काहीतरी निघतं आणि ते दिसायला अगदी खरं वाटतं.

०.६२ वरून ०.२४ वर का आला

रब्बी ज्वारी पावसाळ्यात जमिनीत साठलेल्या ओलीवर येते आणि किती ओल साठणार ते जमिनीच्या खोलीवर ठरतं. खोल काळ्या रानात पीक हाताशी येईल याची खात्री असते, म्हणून तिथे शेतकरी खतावर पैसा घालतो. मुरमाड, हलक्या रानात पिकाला शेवटपर्यंत ओल पुरेल का याचीच शंका असते, मग युरियाचं पोतं तो राखून ठेवतो. त्यामुळे जिथे खत जास्त तिथे ज्वारी जास्त, हे चित्र खताने काहीच केलं नसतं तरी दिसलं असतं. किती दिसलं असतं? ०.६८ × ०.७४, म्हणजे ०.५०. तुमच्या ०.६२ पैकी एवढा भाग खोलीच्या वाटेने येतो. अंशात उरलेला ०.११६८ हा खोलीच्या वाटेने न येणारा भाग.

याच तीन आकड्यांतून दुसरी बाजूही तपासून घ्या, कारण परीक्षक ती विचारतील. खत वगळून खोली आणि उत्पादन यांचा आंशिक सहसंबंध काढला तर (०.७४ − ०.६२ × ०.६८) भागिले √(०.६१५६ × ०.५३७६), म्हणजे ०.३१८४ ÷ ०.५७५३ = ०.५५. खत स्थिर धरलं तरी खोलीचा संबंध बऱ्यापैकी टिकतो. खोली स्थिर धरली की खताचा मात्र बराचसा विरतो. या दोन आकड्यांची जोडी एकट्या ०.२४ पेक्षा जास्त बोलते. प्रबंधात दोन्ही द्या.

०.२४ चा वर्ग सुमारे ०.०५६. याचा अर्थ खत उत्पादनातला ५.६ टक्के फरक समजावून देतं असा लावू नका. खोलीने समजावून दिल्यावर उत्पादनातला ४५.२४ टक्के फरक उरला होता, त्या उरलेल्यातले हे ५.६ टक्के आहेत. एकूण फरकाच्या मानाने ते जेमतेम अडीच टक्के होतात, आणि वरच्या ०.१५९ चा वर्गही तेवढाच येतो.

सार्थकता: किती शेतं धरायची

साध्या सहसंबंधाच्या टी-चाचणीत स्वातंत्र्य मात्रा n − २ असते. एक चल वगळला की आणखी एक जाते, म्हणून n − ३. तुमच्या तीन आकड्यांमागे शेतांची संख्या सारखी नाही. अशा वेळी सर्वांत लहान संख्या धरणं सावधपणाचं, म्हणजे ३६ आणि स्वातंत्र्य मात्रा ३३.

```
t = r12.3 * sqrt(n - 3) / sqrt(1 - r12.3^2)
```

०.२३६८ × ५.७४५ ÷ ०.९७१६ = १.४०. ३३ स्वातंत्र्य मात्रांना ५ टक्के पातळीवर, दोन्ही बाजू धरून, टी किमान २.०३ हवा. इथे पी सुमारे ०.१७ येतो, म्हणजे सार्थक नाही. तुमचा ०.४८ हाच सूत्रात घातला असता तर टी ३.१४ आला असता आणि तो १ टक्के पातळीवरही सार्थक ठरला असता. एक वर्गमूळ सुटल्याने 'खत खोलीपलीकडेही उत्पादन वाढवतं' असं वाक्य प्रबंधात छापून गेलं असतं.

पण 'सार्थक नाही' एवढ्यावर थांबू नका, त्यातून 'खताचा परिणाम नाही' असा अर्थ काढला जातो. विश्वास मर्यादा काढा. फिशर रूपांतराने ०.२३६८ चा झेड ०.२४१ येतो. त्याची प्रमाण त्रुटी १ ÷ √(n − ४). एक चल वगळल्यामुळे नेहमीच्या ३ ऐवजी ४ वजा होतात. १ ÷ √३२ = ०.१७७, त्याची १.९६ पट ०.३४६. झेडच्या मर्यादा −०.१०५ आणि ०.५८८, आणि परत सहसंबंधात आणल्यावर −०.१० ते ०.५३. थोडक्यात, खताचा स्वतंत्र संबंध शून्य असू शकतो आणि चांगला दणदणीतही असू शकतो. ३६ शेतांवरून यापेक्षा नेमकं सांगता येत नाही. प्रामाणिक निष्कर्ष एवढाच आहे.

मूळ शीट मिळाल्यावर आर मध्ये असं पडताळा:

```
d <- na.omit(d[, c("khat","utpadan","kholi")])
cor(resid(lm(khat ~ kholi, d)), resid(lm(utpadan ~ kholi, d)))
summary(lm(utpadan ~ khat + kholi, d))
```

दुसऱ्या ओळीतून थेट आंशिक सहसंबंध येतो. तिथे `cor` ऐवजी `cor.test` लावण्याचा मोह होईल, पण तो n − २ धरतो, कारण अवशिष्टं काढताना एक मात्रा आधीच खर्च झालीय हे त्याला ठाऊक नसतं. पी त्यामुळे किंचित लहान दिसतो. तिसऱ्या ओळीच्या उत्तरात `khat` समोरचा टी बरोबर आहे. आंशिक सहसंबंधाचा टी तोच. त्या टी वरून आंशिक सहसंबंध परत काढायचा तर टी ला √(टी² + स्वातंत्र्य मात्रा) ने भागायचं: १.४० ÷ √(१.९६ + ३३) = ०.२३७. दुसऱ्याच्या प्रबंधात फक्त रिग्रेशनचा तक्ता असेल तर तिथेही ही युक्ती कामी येते.

ती चार शेतं

तुमच्या प्रश्नात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे. r12 हा ४० शेतांवरचा आहे, r13 आणि r23 हे ३६ शेतांवरचे. तिन्ही आकडे एकाच शेतांच्या गटातले आहेत असं सूत्र धरून चालतं. ते तसे नसतील तर उत्तर कुठल्याच गटाचं राहत नाही.

खोली मोजायची का राहिली, हे आठवा. वेळ झाला नाही किंवा शेतमालक भेटला नाही, एवढंच असेल तर फारसं बिघडत नाही. पण ऑगर वीतभर खाली जाऊन मुरमाला लागला आणि म्हणून नोंद सोडली असेल, तर ती चार शेतं सर्वांत उथळ आहेत. तिथे खतही कमी आणि ज्वारीही कमी असणार. म्हणजे ४० शेतांवरचा ०.६२ या चौघांच्या जोरावर फुगलेला असू शकतो, आणि खोलीचे दोन आकडे मात्र त्यांच्याविना काढलेले आहेत. उदाहरणादाखल, त्याच ३६ शेतांवर r12 समजा ०.५५ निघाला. मग अंश ०.५५ − ०.५०३२ = ०.०४६८ आणि आंशिक सहसंबंध ०.०९५ होतो. साध्या सहसंबंधात ०.०७ चा फरक, तर आंशिक सहसंबंध निम्म्याहूनही खाली. म्हणून शीट हाती येताच पहिलं काम हे: तिन्ही सहसंबंध त्याच ३६ शेतांवर पुन्हा काढा. चार शेतांत परत जाऊन खोली मोजता आली तर त्याहून उत्तम. जमिनीची खोली वर्षभरात बदलत नाही, तेव्हा उशिराचं माप चालतं.

वेगवेगळ्या गटांतून आलेले तीन आकडे कधी कधी एकमेकांशी जुळूच शकत नाहीत, आणि ते सूत्रातूनच कळतं. r13 = ०.६८ आणि r23 = ०.७४ असताना r12 कितीही असू शकत नाही. तो ०.५०३२ च्या दोन्ही बाजूंना ०.४९३२ एवढ्याच टप्प्यात असायला हवा, म्हणजे ०.०१ ते ०.९९६. कुणी तक्त्यात r12 = −०.१० लिहिला असेल तर आंशिक सहसंबंध −०.६०३२ ÷ ०.४९३२ = −१.२२ येईल. १ च्या पलीकडचं उत्तर आलं की सूत्राला दोष देऊ नका. एकतर आकडे वेगवेगळ्या ओळींतून आलेत किंवा एखादं चिन्ह टंकताना उलटलंय. तुमच्याच तक्त्यात फक्त r13 चं चिन्ह चुकून उणे झालं तर अंश १.१२३२ होईल आणि उत्तर २.२८. मात्र उत्तर १ च्या आत आलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही; वरचा ०.०९५ आणि ०.२३७ दोन्ही १ च्या आतच आहेत.

गोलाईचंही तसंच. तक्त्यातले आकडे दोन दशांश स्थळांचे आहेत, म्हणजे प्रत्येकात ०.००५ इकडेतिकडे. त्यातून आंशिक सहसंबंध ०.२१५ ते ०.२५८ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणून 'सुमारे ०.२४' लिहा, ०.२३६८ नको. एका दशांशाचे आकडे असते, ०.६, ०.७ आणि ०.७, तर हा पट्टा −०.०३ ते ०.३९ एवढा पसरला असता आणि हिशोब करण्यात अर्थच उरला नसता. मोठ्या संख्येतून जवळजवळ तेवढीच संख्या वजा होते तेव्हा असं होतं. म्हणून जुन्या तक्त्यावरून आंशिक सहसंबंध काढताना किमान दोन, जमल्यास तीन दशांश असलेलाच तक्ता घ्या.

खोली खरंच 'काढली' गेली का

आता थोडं अवघड, पण या प्रश्नाचं मर्म इथेच आहे. सूत्र खोली काढत नाही, तुम्ही *मोजलेली* खोली काढतं. शेतात एका जागी ऑगर घातला आणि ६० सेंमी लिहिलं. दहा पावलांवर तीच जमीन ४५ भरू शकते. मोजमापात अशी चूक असेल तर r13 आणि r23 दोन्ही खऱ्यापेक्षा लहान दिसतात, त्यांचा गुणाकार लहान दिसतो, खोलीचा थोडा भाग न निघता मागे राहतो आणि तो खताच्या नावावर जमा होतो.

किती? मोजमापाची विश्वसनीयता ०.८० आहे असं धरा, म्हणजे एकाच शेतात दोन वेगळ्या जागी घेतलेल्या खोलीच्या मापांचा सहसंबंध ०.८०. शेतात अशी असमानता असणं मुळीच अशक्य नाही. मग दुरुस्त केलेला गुणाकार ०.५०३२ ÷ ०.८० = ०.६२९ होतो. अंश ०.६२ − ०.६२९ = −०.००९. छेदात r13² ऐवजी ०.४६२४ ÷ ०.८० = ०.५७८, आणि r23² ऐवजी ०.५४७६ ÷ ०.८० = ०.६८४५, म्हणून √(०.४२२ × ०.३१५५) = ०.३६५. आंशिक सहसंबंध −०.०२५ येतो, म्हणजे जवळपास शून्य. विश्वसनीयता ०.८१ असली की ०.२४ पूर्ण नाहीसा होतो. तुमच्याकडे दिसणारा सगळा ०.२४ हा खोली नीट न मोजल्याचा गाळ असू शकतो, हे त्यातून कळतं.

दर शेतात एकच माप असेल तर विश्वसनीयता काढता येणार नाही. शीट आणायला जाल तेव्हा दहा-बारा शेतांत दुसऱ्या जागी माप घ्या. दोन मापांच्या सहसंबंधावरून ढोबळ अंदाज येतो. एक खबरदारी: दुरुस्त केलेल्या आकड्यांवर वरची टी-चाचणी लावू नका, ती त्यांच्यासाठी नाही. ते फक्त 'समजा मोजमाप चोख असतं तर' याचा अंदाज म्हणून दाखवा.

दुसरी गोष्ट वक्रतेची. सूत्र फक्त सरळ रेषेतला संबंध काढतं. उथळ जमिनीत खोली दहा सेंमीने वाढली की ज्वारीत फरक दिसतो, पण मुळं पोचतात त्याच्या खाली आणखी माती असून पिकाला तेवढा फायदा होत नाही. आलेख वर चढून सपाट होत असेल तर सरळ रेषेने खोलीचा काही भाग मागेच ठेवला. हे तीन सहसंबंधांवरून कधीच कळणार नाही, शीटच लागेल. खोली–उत्पादन आलेखावर बिंदू मांडा. वाक दिसला तर खोलीचा लॉग घेऊन तिन्ही आकडे पुन्हा काढा आणि आंशिक सहसंबंध किती हलतो ते पाहा.

उंची वगळू नका

उंचीचं म्हणाल तर नको. खोली खताच्या आधीची आहे. रान खोल आहे म्हणून शेतकरी खत टाकतो, खत टाकलं म्हणून रान खोल होत नाही. म्हणून खोली वगळणं योग्य. उंची खताच्या नंतरची आहे: नत्र मिळालं, ताट वाढलं, पानं वाढली, मग कणीस भरलं. उंची स्थिर धरली तर ज्या वाटेने खत काम करतं तीच तुम्ही बंद करता आणि मग खताचा संबंध नाही असं म्हणता. दुसऱ्या क्रमाचा आंशिक सहसंबंध हाताने सहज निघतो. सूत्र तेच, फक्त साध्या सहसंबंधांच्या जागी खोली वगळलेले तीन आंशिक सहसंबंध घालायचे. पण हिशोब जमतो म्हणून तो योग्य ठरत नाही, आणि कोणता चल आधीचा, कोणता नंतरचा हे आकडे सांगत नाहीत. ते तुम्हाला ज्वारीच्या माहितीवरून ठरवावं लागतं.

पेरणीची तारीख मात्र खोलीसारखीच आधीची आहे. सगळ्या शेतांची तारीख नोंदवली असेल तर तिचा खताशी आणि उत्पादनाशी, दोन्हींशी संबंध आहे का ते पाहा. फक्त एकाशीच असेल तर ती वगळून अंश तसाच राहतो, पण छेद लहान झाल्याने आकडा थोडा मोठा होऊ शकतो. तालुक्याचंही तपासा. दोन तालुक्यांची शेतं एकत्र करता तेव्हा दोन वेगळे ढग शेजारी ठेवल्यासारखं होतं, आणि दोन ढगांमधला फरकच सहसंबंध म्हणून दिसू शकतो. प्रत्येक तालुक्याचे तिन्ही सहसंबंध वेगळे काढून पाहा. शेतं कमी असल्याने ते हलतील, पण दोन्हीकडे चित्र अगदीच वेगळं असेल तर एकत्रित ०.२४ ला फार किंमत देता येणार नाही.

तूर्त, शीट येईपर्यंत, प्रबंधाच्या मसुद्यात एवढं लिहिता येईल: 'जमिनीची खोली (सरळ रेषेत) वगळल्यावर नत्र आणि धान्य उत्पादन यांचा आंशिक सहसंबंध सुमारे ०.२४ आढळला (स्वातंत्र्य मात्रा ३३, ९५ टक्के विश्वास मर्यादा −०.१० ते ०.५३), साधा सहसंबंध ०.६२ होता. नत्र वगळल्यावर खोली आणि उत्पादन यांचा आंशिक सहसंबंध ०.५५. खोलीची नोंद ३६ शेतांची आहे, तर नत्र–उत्पादन सहसंबंध ४० शेतांवरचा आहे.' शेवटचं वाक्य, तिन्ही आकडे ३६ शेतांवर पुन्हा काढून झाल्याशिवाय, गाळू नका.